‘मास्टर’ की ‘कोऑर्डिनेटर’: पडद्यावरच्या पडण्याची पार्श्वभूमी

मुंबईत स्टंटपटांची लाट 1930 च्या दशकातली. तेव्हा तालमीतले पहिलवान पडद्यावर मार खायचे आणि खाली हौद्यातली असावी तशी माती किंवा गवत पसरलेलं असायचं. तो काळ इथे एवढाच पुरे. आज आपण ज्याला आखलेला स्टंट म्हणतो, त्याची खरी सुरुवात पुठ्ठ्याच्या खोक्यांपासून होते.

पडण्याचं गणित सरळ आहे. वीस फूट, म्हणजे साधारण सहा मीटरवरून पडलेला माणूस जमिनीशी येतो तेव्हा त्याचा वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास असतो. हा वेग किती अंतरात संपतो यावर सगळं ठरतं. दहा सेंटिमीटरच्या गादीत संपला, तर शरीरावरचा भार वजनाच्या साठपट होतो. एक मीटरमध्ये संपला, तर तो जेमतेम सहा-सातपट राहतो. आतून रिकाम्या खोक्यांचे तीन-चार थर हे एक मीटर मिळवून देतात. खोक्याला चिकटपट्टी लावून ते घट्ट बंद करायचं नाही, कारण आतली हवा निघाली नाही तर ते फुटबॉलसारखं उलटा दणका देतं. विटांच्या बांधकामासारखे सांधे चुकवत थर रचायचे, ते पसरू नयेत म्हणून बाहेरून दोर आवळायचा आणि वर गाद्या टाकून ताडपत्री ओढायची.

उडी झाल्यावर ताडपत्री बाजूला करतात, तेव्हा खोकी स्वतःच हिशेब देतात. मधली चार-सहा खोकी पार चपटी झालेली आणि कडेची जशीच्या तशी असतील, तर माणूस बरोबर मध्ये पडला. खड्डा एका बाजूला सरकलेला असेल, तर पुढच्या उडीआधी उडी मारण्याची जागा बदलायची किंवा खोक्यांचा ढीग सरकवायचा. सगळ्यात खालच्या थरातली खोकीही दबलेली दिसली, तर ढीग त्या उंचीला कमी पडला. मग एक थर वाढवल्याशिवाय दुसरा टेक होत नाही. चपटी झालेली खोकी पुन्हा वापरायची नाहीत. पंख्याने फुगवलेली हवेची गादी पुढे आली आणि उंची वाढवता आली, पण अशी खूण तिच्यावर उरत नाही. ती जास्त फुगली तर माणसाला बाहेर फेकते, कडेला पडलात तर घसरवते आणि जनरेटर बंद पडला तर बसते. म्हणून कमी उंचीसाठी खोक्यांवर भरवसा ठेवणारे जुने लोक आजही आहेत, आणि माझ्या मते त्यांचं बरोबर आहे.

नायकाला गॅलरीतून खाली पडायचं असेल, तर तो सबंध वीस फूट पडतच नाही. कठड्यावरून झोक जाण्याचा तुकडा तो कमरेला हार्नेस बांधून स्वतः करतो. मधली उडी डुप्लिकेटची असते. शेवटी जमिनीवर आदळण्याचा तुकडा नायक दोन-तीन फुटांवरून, चौकटीबाहेरून आत पडून करतो. डुप्लिकेटचा सरावही आधी पाच फूट, मग दहा, मग वीस असा चढत जातो. प्रत्येक टप्प्यावर बघायचं ते एकच: तो पाठीवर सपाट पडतो की पाय आधी टेकतात. पाय आधी टेकले की गुडघा हनुवटीवर येतो.

मारामारीतली शिस्त वेगळी. ठोसा चेहऱ्यापासून वीतभर लांबून जातो. कॅमेरा मारणाऱ्याच्या खांद्यामागे ठेवला की ती फट दिसत नाही, आणि ठोसा ‘लागतो’ तो खाणाऱ्याच्या झटक्यामुळे. म्हणून सरावात आधी खाणारा तयार करतात. नजरानजर झाल्याशिवाय हात सुटत नाही. सगळे फटके आधी अर्ध्या वेगाने, आकडे मोजत होतात. वेग वाढवला की अंतर कमी होतं, कारण अंगात जोर आला की पाऊल पुढे पडतं. ते नेमकं कुठे पडायला हवं, यासाठी जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा असतात.

1982 च्या जुलैमध्ये बंगळुरूत एका चित्रीकरणात देशातला सर्वांत लोकप्रिय नट मरता मरता वाचला, आणि मुंबईतल्या पिढ्या याच घटनेपासून काळ मोजतात. लोकांच्या लक्षात ठोसा राहिला आणि ठोसा मारणाऱ्याला वर्षानुवर्षं बोल लागले. पण इजा झाली ती टेबलाच्या कोपऱ्याने. ठोसा खाऊन टेबलावर आणि तिथून जमिनीवर पडायचं होतं. उडीची वेळ चुकली आणि कोपरा पोटात लागला. ठोशाचं अंतर बसवताना सामानाचं अंतरही तितकंच बसवायचं असतं. कोपरे गोल करून रबराने मढवायचे आणि टेबल जमिनीवरच्या खुणांमध्ये बसवून ठेवायचं, म्हणजे रिटेकला कुणी ते वीतभरही सरकवत नाही.

इथे खरा गुंता सुरू होतो तो शब्दाचा. सत्तरच्या दशकात श्रेयनामावलीत ‘थ्रिल्स’ किंवा ‘फाइट कंपोजर’ असं यायचं. सेटवर हाक ‘मास्टर’ किंवा ‘फाइट मास्टर’. नंतर ‘अ‍ॅक्शन डायरेक्टर’ आलं आणि त्याबरोबर कॅमेरा कुठे लावायचा हेही तोच सांगू लागला. हॉलिवूडमध्ये ‘स्टंट कोऑर्डिनेटर’ ज्याला म्हणतात, त्याच्याकडे माणसं निवडणं, खर्च आणि सुरक्षितता या तिन्ही गोष्टी असतात. आपल्याकडे हा शब्द रुजला नाही, आणि त्याचं कारण साधं आहे: मुंबईत ‘कोऑर्डिनेटर’ म्हणजे ज्युनिअर आर्टिस्ट पुरवणारा किंवा तारखा सांभाळणारा. मास्टरला ते पद कमीपणाचं वाटतं.

हा वाद नुसता मानाचा असता तर मी त्यावर इतकं लिहिलं नसतं. दृश्य जितकं भारी, तितकं मास्टरचं नाव होतं. तेच दृश्य धोक्याचं म्हणून थांबवण्याचा अधिकारही त्याच माणसाकडे असतो. एकाच माणसाला दोन्ही बाजू तोलायला लावणं चूक आहे, असं मला ठामपणे वाटतं. उलट बाजूचे लोक म्हणतात की ज्याने दृश्य रचलं त्यालाच त्यातला धोका कळतो, वेगळा माणूस आणला तर तो कागद भरेल आणि निघून जाईल. यात तथ्य नक्कीच आहे. पण 2016 च्या नोव्हेंबरमध्ये बंगळुरूजवळच्या जलाशयात काय झालं ते पाहा. हेलिकॉप्टरमधून तिघांनी पाण्यात उडी घेतली. नायकाच्या अंगात लाइफ जॅकेट होतं, तो वाचला. बाकी दोघांच्या अंगात नव्हतं, ते बुडाले. पोहणं आपल्याला बेताचंच येतं, हे त्यांनी उडीआधी कॅमेऱ्यासमोर सांगितलं होतं. ते ऐकून ‘आज उडी नाही’ म्हणणारं वेगळं माणूस त्या काठावर असतं तर पुढचं घडलं नसतं.

नव्वदच्या अखेरीस माणसाला बांधून हवेत उचलणाऱ्या हाँगकाँगच्या धाटणीच्या तारा आल्या आणि उंचीचं गणित बदललं. आता पडण्याऐवजी ओढून घेणं आलं, त्यामुळे कप्पी, गाठ आणि दोर धरणारे हात यांवर सगळा भार आला. अलीकडे सराव मोबाइलवर चित्रित करून, सेटच्या भिंतींच्या जागी खोकी उभी करून, जोडलेला तुकडा दिग्दर्शकाला आधी दाखवतात. याचा सुरक्षेला मोठा फायदा झाला, कारण नको असलेले फटके सेटवर येण्याआधीच गळतात.

नावाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांत 2016 च्या चित्रपटांपासून अ‍ॅक्शन दिग्दर्शनाला जागा मिळाली. ऑस्करने 2025 मध्ये जाहीर केलेला नवा पुरस्कार 2027 च्या चित्रपटांना मिळेल, आणि त्यात शब्द आहे ‘स्टंट डिझाइन’. दोन्ही नावांत रचणाऱ्याचा गौरव आहे, थांबवणाऱ्याचं काम त्यात कुठेच दिसत नाही.