शून्य चुकीचा बिंदू: हॅट मॅट्रिक्समागची पार्श्वभूमी

लघुतम वर्गांची पद्धत, म्हणजे चुकांच्या वर्गांची बेरीज सर्वात कमी राहील अशी रेषा बसवण्याची रीत, पहिल्यांदा छापून आली 1805 मध्ये, आद्रियँ-मारी लेजाँद्र यांच्या धूमकेतूंच्या कक्षांवरील पुस्तकाच्या परिशिष्टात. त्याच परिशिष्टात त्यांनी एक व्यावहारिक सल्ला दिला आहे: उत्तर काढल्यावर प्रत्येक निरीक्षणाची उरलेली चूक पाहा, जिची चूक अवाजवी मोठी वाटेल ते निरीक्षण वगळा आणि बाकीच्यांवरून गणित पुन्हा करा. सल्ला इतका सरळ आहे की पुढे दीर्घकाळ अनेक जण तसेच करत राहिले. या सल्ल्यात नेमके कुठे भोक आहे, हे निरीक्षणांवरून रेषेचे अंदाज काढून देणारे हॅट मॅट्रिक्स दाखवते.

ते भोक सगळ्यात स्वच्छ दिसते फ्रान्सिस अँस्कम यांच्या उदाहरणात. येल विद्यापीठातल्या या संख्याशास्त्रज्ञाने 1973 मध्ये अकरा-अकरा बिंदूंचे चार संच प्रसिद्ध केले. चारही संचांची रिग्रेशन रेषा जवळजवळ एकच, `y = 3 + 0.5x`. आलेख मात्र चार तऱ्हांचे. चौथ्या संचात दहा बिंदूंचा x आहे 8 आणि अकराव्याचा 19. त्या अकराव्याचा y आहे 12.5, आणि रेषाही x = 19 ला 12.5 च सांगते. म्हणजे त्याची चूक शून्य. लेजाँद्रच्या कसोटीवर अकरांत सर्वात विश्वासू निरीक्षण हेच ठरेल.

आता त्या बिंदूचा y बदलून 1.5 करा. x = 8 वरच्या दहा बिंदूंची सरासरी 7 च्या आसपास आहे. त्यामुळे रेषा आता 7 वरून 1.5 कडे उतरते, चढ 0.5 चा उणे 0.5 होतो आणि बिंदूची चूक पुन्हा शून्यच राहते. हा बिंदू रेषेवर असतो असे म्हणणे चुकीचे. तो जिथे जाईल तिथे रेषा त्याच्या मागे जाते. अशा वेळी उरलेली चूक काहीच सांगू शकत नाही.

असे का होते, हे कळायला भूमितीकडे वळावे लागते. रोनाल्ड फिशर यांनी 1915 मध्ये सहसंबंध गुणांकाचे वितरण काढताना n निरीक्षणांचा नमुना n मितींच्या अवकाशातला एक बिंदू मानला. त्या नजरेने पाहिले तर अँस्कमच्या संचातले अकरा y म्हणजे अकरा मितींतला एकच सदिश. रेषेचा छेद आणि चढ बदलत गेलो की जितके अंदाज मिळू शकतात, ते सगळे मिळून या अवकाशात एक प्रतल होते: एक दिशा सगळ्या 1 ची, दुसरी x च्या किमतींची. या दोन दिशा स्तंभ म्हणून शेजारी मांडल्या की X मिळते, आणि छेद व चढ मिळून b. y सहसा या प्रतलावर नसतो. प्रतलावरचा त्याच्या सर्वात जवळचा बिंदू हवा असेल तर काय करायचे, हे शाळेतल्या भूमितीतच आले आहे: लंब टाकायचा. लंबपाद म्हणजे अंदाज, लंब म्हणजे उरलेल्या चुका. लघुतम वर्गांची समीकरणे `X'(y − Xb) = 0` एवढेच सांगतात की उरलेला भाग X च्या प्रत्येक स्तंभाला लंब आहे. ती सोडवली की अंदाज असे येतात:

```
ŷ = Xb = X(X'X)⁻¹X'y = Hy
```

y ला टोपी घालणारे मॅट्रिक्स म्हणून याला हॅट मॅट्रिक्स हे नाव जॉन टकी यांनी दिले. मला या सूत्रात सर्वात मोलाचे वाटते ते म्हणजे H मध्ये y कुठेही नाही. कोणत्या बिंदूचा रेषेवर किती जोर चालणार, हे एकही y मोजण्याआधी ठरलेले असते.

तो जोर H च्या कर्णावर लिहिलेला असतो. `h_ii` म्हणजे i व्या बिंदूचा y एका एककाने हलवला तर त्याचा स्वतःचा अंदाज कितीने हलेल. यालाच लिव्हरेज म्हणतात. तरफेवर टेकूपासून लांब दाबले की थोडा जोरही पुरतो, तसेच हे. एकाच x च्या रेषेसाठी `h = 1/n + (x − x̄)²/Sxx`. इथे x ची सरासरी 9 आणि `Sxx`, म्हणजे सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज, 110. म्हणून x = 8 साठी h येतो 1/11 + 1/110 = 0.1, आणि x = 19 साठी 1/11 + 100/110 = 1, अगदी पूर्ण. बेरीज 2, रेषेच्या दोन प्राचलांइतकी, आणि ती नेहमी तेवढीच येते. म्हणजे एकट्या बिंदूने निम्मा वाटा घेतला आणि उरलेला निम्मा दहा जणांनी वाटून घेतला.

1 ही कमाल मर्यादा आहे आणि तीही प्रक्षेपातूनच येते. एकदा प्रतलावर आलेल्या बिंदूवरून पुन्हा लंब टाकला तर तो जागचा हलत नाही, म्हणून `HH = H`. हे कर्णावर लिहिले की `h_ii` हा स्वतःचा वर्ग अधिक त्या ओळीतल्या बाकी संख्यांचे वर्ग एवढा निघतो. तो 1 झाला की बाकीचे सगळे शून्य व्हावेच लागतात, म्हणजे त्या जागी इतर दहा निरीक्षणांचे काही चालत नाही. उरलेल्या चुकीचे प्रचरण `σ²(1 − h_ii)` असते, आणि इथे σ² म्हणजे निरीक्षणांतल्या मूळ चुकीचे प्रचरण. लिव्हरेज वाढले की चूक आपोआप आकसते. लेजाँद्रचा सल्ला इथे फसतो.

या तरफेला भारतातले एक नातेही आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी 1936 मध्ये मांडलेले अंतर D, म्हणजे किमतींच्या पसाऱ्याच्या मापाने मोजलेले सरासरीपासूनचे अंतर, x च्या किमतींवर लावले तर `h = 1/n + D²/(n − 1)` मिळते. आपल्या बिंदूसाठी D² = 100/11, आणि उत्तर पुन्हा 1.

लिव्हरेज पाहण्याची सवय लावण्यात डेव्हिड होग्लिन आणि रॉय वेल्श यांच्या 1978 च्या लेखाचा मोठा वाटा आहे. p म्हणजे प्राचलांची संख्या धरली तर `2p/n` हून मोठा h दिसला की तो बिंदू नीट पाहा, हा त्यांचा निकष. मात्र लिव्हरेज मोठे म्हणजे निरीक्षण खोटे, असा अर्थ काढू नये. x = 19 चा बिंदू नसता तर चढ काढताच आला नसता. उलटही खरे. अँस्कमच्या तिसऱ्या संचात x = 13 ला y = 12.74 हा उघड वेगळा बिंदू आहे, पण त्याचा h फक्त 0.236, निकष 0.364 च्या खाली. तिथे उरलेली चूकच बोलते: 3.24. तिला 1 − h ने भागले की 4.24 येते, आणि तो बिंदू वगळून काढलेली रेषा त्याच्यापासून नेमकी तेवढीच दूर असते. रिग्रेशन पुन्हा न करता हे कळते.

R मध्ये हे आकडे अंगभूत आहेत:

```r
f <- lm(y4 ~ x4, data = anscombe)
hatvalues(f)
plot(f)
```

x = 19 चा आपला बिंदू R मधल्या यादीत आठवा आहे. त्या आठव्या निरीक्षणापुढे 1 दिसतो, आणि आलेख काढताना `not plotting observations with leverage one: 8` अशी सूचना येते. बरेच जण ती वाचून पुढे जातात. सगळ्या विश्लेषणातली सर्वात महत्त्वाची ओळ तीच आहे.

या पद्धतीचीही एक आंधळी बाजू आहे. x = 19 ला एकाऐवजी चार बिंदू ठेवा. प्रत्येकाचा h आता 0.25, निकष 4/14 म्हणजे 0.286, त्यामुळे एकही खूण उमटत नाही. चढ मात्र अजूनही त्या चौघांच्या सरासरीवरच टांगलेला असतो. एकेक बिंदू काढून पाहिला तरी हाती लागणार नाही, कारण उरलेले तिघे रेषा धरून ठेवतात. x चा साधा आलेख काढला तर हे चौघे एका नजरेत दिसतात. दहा-बारा चल असतील तर तीही सोय राहत नाही.