ॲम्पिअरचा फरक आणि वेळेचा फरक: फॉल्ट झाल्यावर नेमका खालचाच ब्रेकर पडावा म्हणून

पुण्यातल्या एका ऑफिस इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या पॅन्ट्रीतला गीझर शॉर्ट झाला. त्याचा 25 ॲम्पिअरचा एमसीबी पडला, तसा तो पडायलाच हवा होता. पण त्याच क्षणी तळघरातल्या एलटी पॅनलमधला, म्हणजे इमारतीच्या मुख्य पॅनलमधला, त्या मजल्याचा 160 ॲम्पिअरचा एमसीसीबी, म्हणजे एमसीबीचा मोठा भाऊ, तोही पडला आणि अख्खा मजला अंधारात गेला. इलेक्ट्रिशियनदादांनी मला विचारलं, "साहेब, वरचा सहापट मोठा आहे, मग तो का पडला?"

प्रश्न अगदी योग्य आहे. बहुतेक ठिकाणी डिझाइन करणारेही याच भरवशावर असतात, की खालचा छोटा आणि वरचा मोठा असला म्हणजे को-ऑर्डिनेशन झालं, फॉल्टला फक्त खालचाच पडेल. प्रत्यक्षात को-ऑर्डिनेशन दोन वेगवेगळ्या आधारांवर उभं राहतं. एक आधार ॲम्पिअरच्या फरकाचा, दुसरा वेळेच्या फरकाचा. टाइम-करंट कर्व्हच्या कागदावर दोन्ही सारखेच दिसतात: दोन पट्टे, मध्ये मोकळी जागा. म्हणून गल्लत होते.

आधी तो कागद कसा वाचायचा ते बघू. आडव्या अक्षावर करंट, उभ्या अक्षावर वेळ, दोन्ही लॉग स्केलवर. ब्रेकरचा कर्व्ह ही एक रेघ नसते, तो पट्टा असतो. खालची कड म्हणजे ब्रेकर लवकरात लवकर कधी पडू शकतो, वरची कड म्हणजे उशिरात उशिरा कधी पडेल. पट्ट्याचा वरचा, डावीकडून उतरत येणारा भाग ओव्हरलोडचा. सी कर्व्हच्या एमसीबीत 1.13 पट करंटला तो तासभर पडता कामा नये आणि 1.45 पटीला तासाच्या आत पडलाच पाहिजे. मग एका ठिकाणी पट्टा कड्यासारखा सरळ खाली कोसळतो. तिथून मॅग्नेटिक ट्रिप सुरू होते. सी कर्व्हचा हा कडा 5 ते 10 पटींमध्ये कुठेही असू शकतो, म्हणजे 25 ॲम्पिअरच्या एमसीबीला 125 ते 250 ॲम्पिअर.

ओव्हरलोडच्या भागात ॲम्पिअरचा फरक पुरेसा असतो. पॅन्ट्रीच्या सर्किटवर 60 ॲम्पिअर वाहिले तर एमसीबी तापून पडेल आणि 160 च्या एमसीसीबीला काहीच जाणवणार नाही. गडबड होते ती कड्याच्या उजवीकडे, शॉर्ट सर्किटमध्ये. तिथे दोन्ही ब्रेकरमधून एकच करंट जातो. तो वरच्या ब्रेकरच्या कड्यापेक्षा मोठा असला, तर दोघेही "आत्ताच" म्हणतात. कोणाच्या अंगावर 25 लिहिलंय आणि कोणाच्या अंगावर 160, याला तिथे अर्थ उरत नाही.

म्हणून पहिला आकडा काढायचा तो फॉल्ट करंटचा. या इमारतीचा ट्रान्सफॉर्मर 630 केव्हीए, 433 व्होल्ट, नेमप्लेटवर इम्पिडन्स 5 टक्के. फुल लोड करंट 840 ॲम्पिअर. त्याला 0.05 ने भागलं की एलटी पॅनलवरचा जास्तीत जास्त फॉल्ट येतो, साधारण 16.8 किलोॲम्पिअर. तिथून तिसऱ्या मजल्याच्या डीबीपर्यंत, म्हणजे एमसीबींच्या पेटीपर्यंत, 50 मीटर, 95 चौरस मिलिमीटरची साडेतीन कोअर ॲल्युमिनियम केबल. डीबीवर पोहोचेपर्यंत थ्री फेज फॉल्ट साडेनऊ किलोॲम्पिअरच्या आसपास उतरतो. फेज-न्यूट्रल फॉल्ट साडेचारच्या आसपास, कारण न्यूट्रल अर्ध्या जाडीचा. डीबीपासून गीझरपर्यंत 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, 25 मीटर. ही बारीक वायर करंटला जबरदस्त आवर घालते. गीझरच्या टोकाशी फेज-न्यूट्रल फॉल्ट उरतो फक्त 900 ॲम्पिअर.

आता एमसीसीबीकडे बघू. ब्रेकरला पाडणारा भाग म्हणजे रिलीज, तो इथे थर्मल-मॅग्नेटिक, मॅग्नेटिकची नॉब 5 ते 10 पटींमध्ये फिरणारी. मी पॅनल उघडलं तेव्हा नॉब 5 वर होती. बहुधा बसवल्यापासून तिला कोणी हात लावला नव्हता. 160 गुणिले 5 म्हणजे 800 ॲम्पिअर. त्यावर मानकाप्रमाणे 20 टक्के कमी-जास्त धरायचं, म्हणजे कडा 640 ते 960 मध्ये कुठेही. फॉल्ट 900 चा, कड्याच्या पट्ट्याच्या आतच. एमसीसीबी पडला यात त्याचा दोष नव्हता.

नॉब 10 वर नेली की कडा 1280 ते 1920 मध्ये जातो. गीझरचा 900 त्याच्या डावीकडे राहतो आणि एमसीबी एकटा पडतो. पण नॉब वर नेण्याआधी उलट तपासणी करायची: या ब्रेकरने ज्या केबलचं रक्षण करायचं, तिच्या शेवटच्या टोकाचा सर्वांत लहान फॉल्ट 1920 च्या वर आहे ना? इथे फेज-न्यूट्रल फॉल्ट साडेचार हजार आहे, तेव्हा हरकत नव्हती. मात्र अर्थ फॉल्टचा लूप इम्पिडन्स प्रत्यक्ष मोजूनच घ्यावा, कारण अर्थिंगची पट्टी कुठे ढिली असेल ते कागद सांगत नाही.

हा झाला ॲम्पिअरचा फरक. त्याची मर्यादा याच उदाहरणात दिसते. तोच एमसीबी, तीच वायर, पण फॉल्ट गीझरशी न होता डीबीपासून 5 मीटरवर, फॉल्स सीलिंगमध्ये झाला तर करंट येतो अडीच हजार ॲम्पिअर. तो 1920 च्याही पलीकडे आहे. हिशेब केला तर डीबीपासून पहिल्या साधारण 15 मीटरांत होणाऱ्या फॉल्टला फक्त कर्व्हच्या भरवशावर खात्री देता येत नाही. तक्रार ऐकताना म्हणूनच मी आधी विचारतो, फॉल्ट कुठे झाला? एकाच सर्किटवर कधी फक्त एमसीबी पडतो आणि कधी दोन्ही, याला लोक "ब्रेकर खराब आहे" म्हणतात. बहुतेक वेळा ब्रेकर ठीक असतो, अंतर बदललेलं असतं.

दुसरा आधार वेळेचा. इथे वरच्या ब्रेकरला फॉल्ट पूर्ण दिसतो, पण तो मुद्दाम थांबतो. या इमारतीचा मेन इनकमर, म्हणजे पूर्ण इमारतीचा मुख्य ब्रेकर, 1000 ॲम्पिअरचा एसीबी आहे, इलेक्ट्रॉनिक रिलीजचा. लाँग टाइम, म्हणजे ओव्हरलोडची सेटिंग, 850 ॲम्पिअर, शॉर्ट टाइम, म्हणजे थांबून पडण्याची शॉर्ट सर्किटची सेटिंग, त्याच्या 5 पट म्हणजे 4250, आणि शॉर्ट टाइमला 0.3 सेकंदाचा डिले. इन्स्टंटेनियस, म्हणजे न थांबता पडणारी सेटिंग, बंद. एलटी पॅनलमधून निघाल्या निघाल्या मजल्याच्या केबलवर 16 किलोॲम्पिअरचा फॉल्ट झाला, तर 160 चा एमसीसीबी एक-दोन सायकलमध्ये, म्हणजे 20 ते 40 मिलिसेकंदांत तो तोडतो. एसीबीने मोजायला सुरुवात केलेली असते, पण 300 मिलिसेकंद पूर्ण होण्याआधी करंट नाहीसा होतो. कर्व्हवर एसीबीचा पट्टा कड्यावरून खाली कोसळता कोसळता 0.3 सेकंदाच्या पायरीवर थांबतो आणि उजवीकडे सपाट जातो. ती पायरी दिसली की ओळखायचं, इथे भरवसा वेळेवर आहे.

या 0.3 सेकंदांची किंमत मोजावी लागते. तेवढा वेळ पूर्ण फॉल्ट करंट बंद कॉन्टॅक्टमधून सहन करण्याची ताकद ब्रेकरमध्ये हवी. तिला शॉर्ट टाइम विथस्टँड म्हणतात. ती ब्रेकिंग कपॅसिटीपेक्षा वेगळी असते, आणि कॅटलॉग वाचताना सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. कॅटलॉगमध्ये कॅटेगरी ए म्हणजे मुद्दाम थांबण्यासाठी न बनवलेला ब्रेकर आणि कॅटेगरी बी म्हणजे थांबू शकणारा. 2500 ॲम्पिअरपर्यंतच्या कॅटेगरी बी ब्रेकरला ही ताकद किमान रेटिंगच्या 12 पट किंवा 5 किलोॲम्पिअर, यातली मोठी, असावी लागते. 1000 च्या ब्रेकरला ती किमान अट 12 किलोॲम्पिअरची होते. आपला फॉल्ट 16.8 चा, त्यामुळे "कॅटेगरी बी आहे" एवढं वाचून थांबता येत नाही, आकडा बघावा लागतो. चांगल्या एसीबीत तो 50 किलोॲम्पिअर, एका सेकंदासाठी, असा सहज मिळतो.

मग मजल्याच्या एमसीसीबीलाच डिलेवाला इलेक्ट्रॉनिक रिलीज का घेऊ नये? घेता येतो, आणि फायदाही होतो, पण अर्धाच. मोल्डेड केस ब्रेकरच्या आत स्वतःला वाचवण्यासाठी एक इन्स्टंटेनियस ओव्हरराइड असतो. तो फ्रेमच्या आकारानुसार ठरलेला असतो आणि नॉब फिरवून बंद होत नाही. फॉल्ट त्याच्या वर गेला की 0.1 सेकंदाचा डिले लावलेला असूनही ब्रेकर लगेच पडतो. पुष्कळ लोक डिले सेट करून निर्धास्त होतात आणि ही रेघ कर्व्हवर बघतच नाहीत.

ॲम्पिअरच्या फरकावर टिकलेल्या जोडीबद्दल आणखी एक गोष्ट, आणि ही चांगली आहे. 10 मिलिसेकंदांच्या खाली टाइम-करंट कर्व्ह खरं सांगत नाही. एमसीबी इतक्या झटकन उघडतो, की करंट आपल्या शिखरापर्यंत पोहोचतच नाही आणि पलीकडे जाणारी ऊर्जा एमसीसीबीला पाडायला कधी कधी अपुरी पडते. हे कागदावर आखून कळत नाही, कंपनीने जोडी एकत्र तपासून छापलेल्या सिलेक्टिव्हिटी तक्त्यातून कळतं. या इमारतीतल्या जोडीचा तक्त्यातला आकडा डीबीवरच्या साडेचार किलोॲम्पिअरच्या वर निघाला, पण साडेनऊच्या खाली. म्हणजे नॉब 10 वर असताना फेज-न्यूट्रलचे सगळे फॉल्ट निभावतात. डीबीच्या अगदी जवळ थ्री फेज सर्किटवर पूर्ण शॉर्ट झाला तरच मजला जाईल. तसा फॉल्ट क्वचित होतो, आणि त्या वेळी एकच मजला जातो, बाकीची इमारत चालू राहते. आम्ही ते मान्य केलं आणि तसं लेखी नोंदवलं. तक्ता मात्र ज्या दोन मॉडेलांचा छापलेला असतो तेवढ्यांनाच लागू पडतो. उद्या कोणी एमसीबी बदलून दुसऱ्या कंपनीचा बसवला, तर पुन्हा फक्त 1280 चाच भरवसा उरतो.

शेवटी एसीबीचा अर्थ फॉल्ट तपासला. तो 200 ॲम्पिअर, 0.1 सेकंदावर होता. फेजच्या कर्व्हमध्ये सगळं जुळलेलं असताना इथे सापळा होता. मजल्याच्या केबलचा कुठे अर्थला 1000 ॲम्पिअरचा फॉल्ट झाला, तर 160 च्या एमसीसीबीला तो फक्त सहापट दिसतो आणि तो काही सेकंद घेतो. तोवर एसीबी पूर्ण इमारत बंद करून मोकळा. डिले 0.4 वर नेला आणि पिकअप, म्हणजे ज्या करंटला मोजणी सुरू होते तो आकडा, वाढवला, पण सहापटीच्या त्या फॉल्टला तेवढंही पुरत नाही. त्यासाठी मजल्यांच्या फीडरना स्वतःचा अर्थ फॉल्ट रिलीज लागतो, 0.1 सेकंदाचा. पुढच्या शटडाउनला आधी तिसऱ्या मजल्याचा बसेल. गीझरच्या जागी नवा आलाय, आणि एमसीसीबीच्या दारावर आतून मार्करने लिहून ठेवलंय: मॅग्नेटिक 10, खाली आणू नये.