फरशी पोकळ का वाजते?

आमच्या स्वयंपाकघरात ओट्यासमोर हातातून बत्ता निसटला आणि दोन बाय दोनच्या व्हिट्रिफाइड फरशीचा कोपराच उडाला. शेजारच्या फरशीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं तर आवाज भरीव येत होता, हिच्यावर मात्र डबडब. उचलून पाहिली तर खाली सिमेंटच्या मालाचे पाच गोळे होते, चार कोपऱ्यांच्या अलीकडे आणि एक मध्यभागी.

दाबल्यावर एकेक गोळा साधारण पंधरा सेंटिमीटर पसरला होता. पाचही मिळून जेमतेम ९०० चौरस सेंटिमीटर भरतात आणि फरशी आहे ३६०० चौरस सेंटिमीटरची. म्हणजे तीन चतुर्थांश फरशी हवेवर उभी होती. ठोकलं की तेवढा भाग ढोलकीच्या पानासारखा थरथरतो, तोच तो पोकळ आवाज. आणि वजन पडलं की आधार नसलेला कोपरा आधी तुटतो.

गोळे जिथं टेकले होते, तिथंही फरशीची पाठ जवळपास कोरीच निघाली. व्हिट्रिफाइड फरशी पाणी जवळजवळ पितच नाही, त्यामुळे साधं सिमेंट तिच्यात रुजत नाही. शिवाय पाठीवर कारखान्यातली पांढरी भुकटी असते, ती पुसली नाही तर चिकटायचं ते भुकटीला चिकटतं.

म्हणून अशा फरशीला पॉलिमर मिसळलेलं टाइल अ‍ॅडहेसिव्हच हवं. जमीन सपाट आणि धूळमुक्त करायची, फरशीची पाठ ओल्या फडक्यानं पुसून कोरडी होऊ द्यायची. मग अ‍ॅडहेसिव्ह थापीच्या सपाट बाजूनं जमिनीवर दाबून चोळायचं आणि दहा मिलिमीटर दात्यांच्या थापीनं त्यात सरळ, एकाच दिशेनं रेघा ओढायच्या. गोल गोल रेघा ओढू नका. त्यांच्यामध्ये हवा कोंडते, सरळ रेघांमधून ती कडेनं निघून जाते. फरशीच्या पाठीवरही पातळ थर घासावा. ठेवल्यावर फरशी रेघांना आडवी थोडी मागेपुढे सरकवत दाबायची, म्हणजे रेघा कोसळून एकमेकींत मिसळतात. नुसतं वरून रबरी हातोड्यानं ठोकल्यानं हे होत नाही.

घाई लागते ती एकाच ठिकाणी. पसरलेल्या अ‍ॅडहेसिव्हवर साय धरायच्या आत फरशी बसली पाहिजे. बहुतेक अ‍ॅडहेसिव्हना वीसेक मिनिटं मिळतात, पंखा किंवा ऊन असेल तर त्याहून कमी. बोट लावून पाहा, बोटाला चिकटलं नाही तर खरवडून टाका आणि ताजं लावा. वर पाणी शिंपडून चालत नाही.

मी आता कारागिराला सुरुवातीची एखादी फरशी बसवल्याबरोबर उचलून दाखवायला सांगते. पाठ कडेपर्यंत आणि चारही कोपऱ्यांत माखलेली दिसली पाहिजे. न्हाणीघरात तर जवळजवळ पूर्ण, कारण तिथल्या पोकळीत पाणी साचतं.

जुन्या घरात मध्येच तळहाताएवढी जागा पोकळ वाजत असेल आणि फरशी हलत नसेल, तर ती उखडू नका. कडा किंवा कोपरा वाजत असेल, सांध्यातलं ग्राऊट भेगाळत असेल, तर तेवढी फरशी काढून नव्यानं बसवा.