एका तासाची मुलाखत, किती तासांचं टायपिंग?

आमच्या इमारतीतली एम.ए. करणारी मुलगी निफाडजवळच्या एका द्राक्ष बागायतदाराशी तासभर बोलून आली. मुलाखत फोनवर रेकॉर्ड केली होती. "काका, आज संध्याकाळी बसते आणि टाइप करून टाकते," असं मला सांगून गेली. चौथ्या दिवशी भेटली तेव्हा तिची निम्मी मुलाखतही झालेली नव्हती. चूक तिच्या कष्टांत नव्हती, ती अंदाजात होती.

हा अंदाज आधीच बांधता येतो. रेकॉर्डिंगच्या मधल्या भागातली पाच मिनिटं घ्यायची, ती घड्याळ लावून उतरवायची आणि लागलेल्या वेळाला बाराने गुणायचं. मधलाच भाग घ्यायचा, कारण सुरुवातीला माणूस नाव, गाव, किती एकर हे सावकाश सांगतो. तो रंगात येतो तेव्हा खरा वेग कळतो.

आम्ही तसं केलं. त्या पाच मिनिटांत 540 शब्द निघाले, म्हणजे मिनिटाला 108. पूर्ण तासाचे साधारण साडेसहा हजार. तिचा मराठी टायपिंगचा वेग मिनिटाला 15 शब्द, म्हणजे नुसती बोटं चालवायलाच 36 मिनिटं हवीत. प्रत्यक्षात लागली 50. उरलेली 14 मिनिटं मागे जाऊन पुन्हा ऐकण्यात गेली.

ही 14 मिनिटं बारकाईने पाहण्यासारखी आहेत. ऐकलेलं वाक्य शब्दश: जसंच्या तसं डोक्यात फार वेळ राहत नाही. हळू टाइप करणारा सात-आठ शब्द ऐकून थांबतो, जोडाक्षर शोधतो, आणि पाचव्या शब्दापर्यंत येतो तोवर पुढचे शब्द निसटलेले असतात. मग रेकॉर्डिंग मागे घ्यायचं, ते जरा जास्तच मागे जातं, आणि टाइप केलेलंच पुन्हा ऐकावं लागतं. हळू बोटांचा दंड असा दोनदा भरावा लागतो: एकदा टाइप करताना, दुसऱ्यांदा विसरल्यामुळे.

हीच पाच मिनिटं नाशिकरोडच्या एका टायपिस्टबाईंना दिली. त्यांची 40 शब्दांची मराठी परीक्षा झालेली. त्या वेगाने 540 शब्दांना साडेतेरा मिनिटं पुरतात, त्यांना लागली 18. परीक्षेत समोर छापील उतारा असतो आणि डोळे बोटांच्या पुढे दोन-चार शब्द धावतात. कानाला तशी सोय नाही, पुढचं वाक्य माणूस बोलेल तेव्हाच कळणार. त्यामुळे परीक्षेचा वेग ऐकून टाइप करताना पूर्ण उतरत नाही. बाईंनी पायाने दाबायचं पेडल वापरलं होतं. पाय उचलला की रेकॉर्डिंग थांबतं, पुन्हा दाबला की दोनेक सेकंद मागून सुरू होतं, आणि हात कीबोर्डवरून हलत नाहीत.

आता गुणाकार. मुलीचे 50 गुणिले 12, म्हणजे दहा तास. बाईंचे 18 गुणिले 12, म्हणजे तीन तास 36 मिनिटं. यात तपासणी धरायची राहिली. टाइप केलेला मजकूर समोर ठेवून रेकॉर्डिंग पुन्हा पूर्ण ऐकावं लागतं, आणि त्याला एक तासाच्या आत कोणाचंच भागत नाही. दुरुस्त्या धरून मुलीला दीड तास, बाईंना सव्वा. एकूण साडेअकरा तास विरुद्ध जवळपास पाच. टायपिंगचा वेग पावणेतीनपट असूनही एकूण वेळेतला फरक अडीचपटीपेक्षा थोडा कमीच भरतो, कारण ऐकण्याचा तास दोघींना सारखाच.

आवाज स्वच्छ असेल तर सरावलेल्या माणसाला तासाभराच्या रेकॉर्डिंगला चार तास आणि नवख्याला सहा ते दहा, असा या कामातला ठोकताळा आहे. आमचे आकडे त्याच्या वर गेले, कारण मुलाखत बागेत झाली होती आणि शेजारच्या प्लॉटमध्ये ट्रॅक्टरचा ब्लोअर फवारणी करत होता. त्यातच बागायतदारांचा मुलगा मध्येमध्ये बोलायचा. दोघं एकदम बोलले की ते एक वाक्य चार-पाच वेळा ऐकावं लागतं. प्रत्येक "अं", "आपलं ते" आणि अर्धवट तुटलेला शब्दही लिहायचा असेल तर वेळ आणखी वाढतो, म्हणून ते सुरुवातीलाच ठरवून घ्यावं.

नमुन्यात न दिसणारी एक गोष्ट म्हणजे थकवा. मुलीने ती पाच मिनिटं ताज्या डोक्याने केली होती. सलग तिसऱ्या तासाला कान तेच शब्द चुकीचे ऐकू लागतो. उलट, बोलणाऱ्याची लकब ओळखीची झाली की वेग थोडा वाढतोही. मी तरी नवख्याच्या अंदाजात एक-दोन तास जास्तीचे धरतो.

शेवटी पूर्ण काम बाईंकडेच गेलं. मजकूर आला त्यात 23 रिकाम्या जागा होत्या, आणि "गोडी छाटणी"च्या जागी "थोडी छाटणी" झालेलं होतं. भुरी, डाऊनी, जीएचं डिपिंग हे द्राक्षबागेतले शब्द बाईंच्या कानावरचे नव्हते. मुलगी मात्र बागेत उभी राहून आलेली. तिने सगळ्या जागा 40 मिनिटांत भरल्या.