ओल, वाळवण आणि विरत जाणारी चव: कच्च्या कॉफीची पार्श्वभूमी

कोथरूडमधल्या माझ्या छोट्या रोस्टरीत गेल्या फेब्रुवारीत चिकमगळूर भागातली दोन पोती आली. दोन्हींत धुऊन वाळवलेली अरेबिका होती, दोन्ही त्याच हंगामातली, आणि मीटरवर दोन्हींची ओल ११ टक्के भरली. ऑगस्टमध्ये दोन्हींचे नमुने सारखेच भाजून शेजारी शेजारी कपात ओतले. एका कपात संत्र्याच्या सालीचा आंबटपणा अजून जागा होता. दुसऱ्यात ओला पुठ्ठा आणि जुन्या बारदानाचा वास, चव लाकडासारखी सपाट. दोन्ही पोती एकाच खोलीत, एकाच फळीवर होती. मळेवाल्यांना फोन केल्यावर फरक कळला. पहिली कॉफी जाळीच्या उंच मांडवावर, दुपारी सावली करून, चौदा दिवस वाळवली होती. दुसऱ्या मळ्यावर अवकाळी पाऊस येईल या भीतीने ड्रायरमध्ये दोन दिवसांत काम उरकलं होतं.

कच्ची कॉफी किती महिने टिकते हे एका आकड्यावर ठरत नाही, हे या व्यापाराला फार हळू उमगलं. त्या उमगण्याचा इतिहास सांगायचा तर सुरुवात आपल्याच पश्चिम किनाऱ्यापासून करावी लागते.

शिडाच्या जहाजांच्या काळात मलबारची कॉफी आफ्रिकेला वळसा घालून युरोपला जायची. प्रवासाला सहा-सहा महिने लागत. तळघरातल्या दमट हवेत दाणा पाणी ओढून फुगायचा, हिरव्याचा पिवळट-पांढरा व्हायचा आणि त्याचा आंबटपणा निघून जायचा. युरोपातल्या गिऱ्हाइकाला हीच चव कॉफीची म्हणून ठाऊक झाली. १८६९ मध्ये सुएझ कालवा सुरू झाला, प्रवास आखूड झाला आणि दाणा हिरवाच पोहोचू लागला. तेव्हा काही खरेदीदारांना जुनीच चव हवी होती. मग किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर गोदामांची दारं उघडी ठेवून, दाणा जमिनीवर पसरून, वरचेवर उलथून, पोत्यांत सैल भरून पावसाळी वाऱ्यात ठेवायची रीत बसली. हीच मॉन्सून्ड मलबार. पुढे तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिच्यात ओल १३-१४ टक्क्यांपर्यंत जाऊ देतात, पण अगदी देखरेखीखाली. माझ्यासाठी या कथेचा अर्थ सरळ आहे. हवेतली ओल कॉफीचं काय करते हे आपल्या किनाऱ्याला दीडशे वर्षांपासून माहीत होतं. ते हवं असेल तर कसब, नको असेल तर नासाडी.

मळ्यांवर मात्र मीटर फार उशिरा आले. त्याआधी फॉर्लिट चालायचं, म्हणजे चाळीस लिटरचं माप. वाळत आलेलं पार्चमेंट, म्हणजे पातळ कवचासकटचा दाणा, रोज त्या मापात भरून तोलायचं. लागोपाठ दोन दिवस वजन तेच भरलं की माल वाळला. जुन्या हाताची माणसं दाणा दाताखाली धरूनही सांगायची: दात रुतला तर ओला, कडक लागला तर तयार. कॉफी बोर्डाने धुतलेल्या पार्चमेंटसाठी १० टक्के आणि सालासकट वाळवलेल्या चेरीसाठी, म्हणजे अख्ख्या फळासाठी, त्याहून किंचित जास्त ओल सांगितली. जगभरच्या व्यापारात साधारण ८ ते १२.५ टक्के ही चौकट मानली गेली. वरची हद्द बुरशीसाठी. खालची अशासाठी, की फार कोरडा दाणा ठिसूळ होतो, फुटतो आणि चवही लवकर सोडतो.

ही चौकट बरोबरच होती, पण ती फक्त शेवटचा आकडा विचारत होती. दाणा तिथवर कसा आला, हे ती विचारत नव्हती.

शिवाय १९४२ पासून आपल्याकडे सगळी कॉफी बोर्डामार्फत एकत्र विकायची पद्धत होती, तिला पूल म्हणत. मळेवाल्यांचा माल प्रतवारीनुसार एकत्र व्हायचा आणि लिलावात जायचा. पुण्यात रास्ता पेठेतल्या दळणाच्या दुकानात पीबेरी मिळायची, पण ती कोणत्या खळ्यावर किती दिवस वाळली हे दुकानदारालाही कळायला वाव नव्हता. १९९६ पर्यंत ही व्यवस्था पूर्ण सुटली. त्यानंतरच एखाद्या रोस्टरला मळ्याकडून थेट पोतं घेऊन वाळवणाबद्दल विचारता आलं. माझ्यासारख्यांचा हा प्रश्न म्हणूनच तसा नवा आहे.

आता त्या चौदा दिवसांनी नेमकं काय केलं ते पाहू. धुतलेला दाणा खळ्यावर येतो तेव्हा त्यात निम्म्याहून जास्त पाणी असतं. वरचं पाणी पटकन उडतं. आतलं पाणी पेशीतून पेशीत झिरपत बाहेर यायला वेळ घेतं. त्याला वेळ न देता उष्णता वाढवली तर दाणा वरून टणक होतो आणि आत ओल अडकते. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया घालणाऱ्या घरात हे कुणाला समजवायला नको. वरून कडक दिसणारी कुरडई घाईने डब्यात भरली की आठवड्याने डब्याला वास येतो. कॉफीतही तसंच. मीटर ११ दाखवतो, पोतं शिवलं जातं, आणि चार-पाच दिवसांत आतली ओल पसरून तोच दाणा १२ च्या वर दिसतो.

यापेक्षा खोल इजा पेशीला होते. कॉफीचा दाणा म्हणजे जिवंत बी. त्याच्या पेशींत तेलाचे अगदी बारीक थेंब पातळ पापुद्र्यांनी वेगवेगळे राखलेले असतात. ब्राझीलमध्ये लाव्रासच्या विद्यापीठात फ्लावियो बोरें आणि सहकाऱ्यांनी ४० आणि ६० अंश सेल्सिअसच्या हवेत वाळवलेल्या दाण्यांची तुलना केली. ६० अंशांना पापुद्रे फाटतात आणि तेल पेशीत मोकळं पसरतं. ते ओळखायची एक सोपी तपासणी आहे: दाणे पाण्यात भिजवायचे आणि त्या पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजायचं. फाटक्या पेशींतून क्षार बाहेर येतात, म्हणून वीज जास्त वाहते. आणि मोकळं झालेलं तेल हवेशी भिडून खवट होत जातं. पुठ्ठ्याचा, लाकडाचा वास मुख्यत्वे त्यातून येतो.

जर्मनीत ब्राउनश्वाइग इथे डिर्क झेल्मार यांच्या गटाने याला दुसऱ्या बाजूने हात घातला. साठवणीत दाणा बी म्हणून किती काळ जिवंत राहतो हे त्यांनी पाहिलं. पार्चमेंटच्या कवचात ठेवलेला दाणा सोललेल्या दाण्यापेक्षा जास्त काळ जिवंत राहिला. चव विटू लागायचा आणि बी मरायचा काळ एकमेकांजवळ येत होता. साखर आणि अमिनो आम्लं मात्र त्या मानाने फारशी बदलली नव्हती. म्हणजे चव जाते ती आतला साठा संपला म्हणून नव्हे, तो नीट मांडून ठेवणारं घर ढासळलं म्हणून. हे वाचल्यापासून मी मळेवाल्यांना विनंती करतो: माल पार्चमेंटमध्येच ठेवा, पाठवायच्या आठवड्यात सोला.

आता पुणं. किनाऱ्यावर वर्षभर दमट असतं, आपल्याकडे हवा दोन्ही टोकांना जाते. एप्रिलच्या दुपारी आर्द्रता वीसएक टक्क्यांपर्यंत उतरते, जुलै-ऑगस्टमध्ये ती सरासरी ऐंशीच्या वर राहते. कॉफीचा दाणा साधारण ६० टक्के आर्द्रतेत ११-१२ टक्क्यांवर स्थिरावतो. पुण्याची हवा त्याला आधी खाली ओढते, मग वर. पोत्याच्या वजनावरूनच हे घरबसल्या ओळखता येतं. ५० किलोच्या पोत्यात ११ टक्के ओल असेल तर कोरडा भाग ४४.५ किलो, तो बदलत नाही. ओल ९ टक्क्यांवर आली तर पोतं ४८.९ किलो भरेल, १३.५ वर गेली तर ५१.४५ किलो. माझ्या तागाच्या पोत्यांनी मे अखेरीस सव्वा किलोच्या आसपास वजन गमावलं होतं आणि ऑगस्टच्या मध्यात ते मूळ वजनाहून किलोभर वर होतं. म्हणजे दाणे एकदा आटले आणि मग फुगले. या ये-जा करण्यात धड पापुद्रे कसेबसे टिकतात. ज्याचे पापुद्रे ड्रायरनेच फाडले, त्याला पावसाळा पेलत नाही. त्या दोन कपांतला फरक यात होता.

तागाच्या पोत्याबद्दल एक बाजूची गोष्ट, कारण बारदानाचा वास सगळाच दाण्याचा नसतो. पूर्वी तागाचे धागे मऊ करायला खनिज तेल वापरायचे आणि त्याचा वास कॉफीत उतरायचा. १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय ताग संघटनेने अन्नाच्या पोत्यांसाठी वनस्पती तेलाचं मानक आणलं. आजही नव्या पोत्यात नाक घालून बघावं. रॉकेलसारखा वास आला तर माल त्यात ठेवू नये.

हवाबंद प्लास्टिकच्या पिशव्या आल्यावर हवेची ये-जा थांबली. अनेकांना वाटलं, प्रश्न सुटला. माझा अनुभव आणि वरचं विज्ञान दोन्ही सांगतात की पिशवी जे आहे ते राखते, गेलेलं परत आणत नाही. घाईने वाळवलेला दाणा तिच्यातही खवट होतो, थोडा उशिरा. आणि १२ च्या वर ओल असताना तोंड बांधलं तर ते पाणी आतच फिरतं, गारव्याला पिशवीच्या आतून दव धरतं आणि कडेच्या दाण्यांवर बुरशी येते. उष्णतेपुढेही पिशवीचं काही चालत नाही. मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेली कॉफी पिशवीतही लवकर म्हातारी होते.

यंदा मी पोतं आलं की ओल मोजतो, पण त्या आकड्यावर लगेच विसंबत नाही. एक किलो नमुना काचेच्या बरणीत घट्ट बंद करून पाच दिवस ठेवतो, मग पुन्हा मोजतो. सुरुवातीचा आणि पाच दिवसांनंतरचा आकडा यांत अर्ध्या टक्क्याहून जास्त फरक पडला तर तो माल घाईने वाळलाय असं धरतो आणि जूनच्या आत भाजून संपवतो. दाण्याच्या कडा पांढरट आणि मध्य हिरवा दिसला तरी तेच. उरलेला, सावकाश वाळलेला माल पिशवीत बांधून तळमजल्यावर, उत्तरेच्या भिंतीलगत, जमिनीपासून वीतभर उंच लाकडी फळ्यांवर ठेवतो. त्यातल्या एका पोत्याचा शेवटचा हिस्सा परवा, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात भाजला. संत्र्याची साल पूर्वीइतकी ठसठशीत नव्हती, पण होती.