महाशिवरात्र : नागपुरातील चार यामांची पूजा

महाशिवरात्र हे माघ वद्य चतुर्दशीला करायचे शिवव्रत आहे. उपवास, जागर आणि पूजा ही त्याची तीन अंगे. पूजा एकदाच करून भागत नाही. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंतच्या रात्रीचे चार याम (प्रहर) धरून प्रत्येक यामात वेगळी पूजा व अभिषेक करतात, तिला यामपूजा म्हणतात. नागपुरात मराठी घरांतून हा दिवस माघातला मानला जातो, तर शेजारच्या हिंदी भाषक घरांतून फाल्गुनातला. मराठी महिना अमावास्येला संपतो आणि हिंदी महिना पौर्णिमेला, एवढेच त्याचे कारण. रात्र मात्र दोघांचीही एकच असते.

दिवस कसा ठरतो. बहुतेक सणांना सूर्योदयाची तिथी पाहतात. येथे ती सवय उपयोगी पडत नाही. ज्या रात्री निशीथकाळी, म्हणजे मध्यरात्रीच्या मुहूर्तावर, चतुर्दशी असेल ती शिवरात्र. रात्रीचे पंधरा समान मुहूर्त केले की त्यांतला आठवा तो निशीथ. चतुर्दशी दोन्ही रात्रींच्या निशीथाला स्पर्श करत असेल तर निर्णयग्रंथांत आणखी नियम आहेत, पण तसे क्वचितच होते.

२०२४ सालचे उदाहरण यासाठी बोलके आहे. ८ मार्चला शुक्रवारी सूर्योदयाला त्रयोदशी होती, संध्याकाळीही त्रयोदशीच होती आणि त्यामुळे प्रदोषही त्याच दिवशी आला. दृक् गणिताच्या पंचांगांप्रमाणे चतुर्दशी रात्री ९ वाजून ५७ मिनिटांनी लागली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ६ वाजून १७ मिनिटांनी संपली. ९ तारखेचा सूर्योदय चतुर्दशीत होता, म्हणून ‘शिवरात्र शनिवारी का नाही?’ हा प्रश्न साहजिक होता. पण शनिवारी मध्यरात्री चतुर्दशी नव्हती, शुक्रवारी होती. निर्णय तेवढ्यावर झाला.

नागपूरचे घड्याळ. त्या रात्री नागपुरात सूर्य सुमारे ६.२० ला मावळला आणि सकाळी सुमारे ६.२८ ला उगवला. रात्र बारा तास आठ मिनिटांच्या आसपास भरली, म्हणजे एक याम तीन तास दोन मिनिटांचा. पहिला याम ६.२० ते ९.२२, दुसरा १२.२४ पर्यंत, तिसरा ३.२६ पर्यंत आणि चौथा सूर्योदयापर्यंत. निशीथ १२.०० ते १२.४८. म्हणजे त्या वर्षी पहिल्या यामाची पूजा सगळी त्रयोदशीतच झाली आणि चतुर्दशी दुसऱ्या यामाच्या पोटात लागली. त्याने व्रताला बाध येत नाही. याम रात्रीचे असतात, तिथीचे नव्हेत.

येथे एक चूक दरवर्षी होते. भिंतीवरच्या अनेक मराठी दिनदर्शिकांत सूर्योदय-सूर्यास्त मुंबईचा छापलेला असतो. नागपूर मुंबईच्या पूर्वेला सव्वासहा अंशांवर आहे, त्यामुळे येथला सूर्य मुंबईपेक्षा साधारण पंचवीस मिनिटे आधी मावळतो. तिथी लागण्याची वेळ देशभर एकच असते, ती दिनदर्शिकेतून जशीच्या तशी घ्यावी. यामांच्या वेळा मात्र गावच्या सूर्यास्तावरून काढाव्या लागतात. मुंबईची वेळ धरून नागपुरात निशीथपूजा १२.२५ ला सुरू केली तर हाताशी वीस-पंचवीस मिनिटेच उरतात आणि आरती निशीथाबाहेर जाते. उलट, घड्याळात बारा वाजले की आरती करण्याचा इथला साधा रिवाज नागपूरपुरता बराचसा बरोबर बसतो. मुंबईत तीच आरती निशीथाच्या आधी होईल.

उपवास आणि जागर. आदल्या दिवशी एकभुक्त राहून शिवरात्रीला सकाळी संकल्प करतात. काही जण निर्जळ राहतात, काही फळे आणि दूध घेतात. बहुतेक घरांत फराळ होतो : साबुदाण्याची उसळ, भगर आणि दाण्याची आमटी, शिंगाड्याच्या पिठाचा शिरा, उकडलेली रताळी, कवठाची चटणी. खरे तर फराळाचे ताट एवढे भरते की उपवासाला धान्य वर्ज्य आहे एवढेच उरते. जड फराळ रात्री नऊनंतर केला तर दुसऱ्या यामात डोळे मिटू लागतात. म्हणून चारही पूजा करणारे लोक संध्याकाळी एकदाच थोडे खातात आणि नंतर पाणी, दूध किंवा ताक यांवर राहतात.

जागराला घराघरांत श्रीधरस्वामींचे ‘शिवलीलामृत’ वाचतात. त्याच्या दुसऱ्या अध्यायात शिवरात्रीच्या व्याधाची कथा आहे. शिकारीसाठी बेलाच्या झाडावर बसलेला व्याध रात्रभर जागा राहतो, नकळत बेलाची पाने खुडून खाली टाकतो आणि ती झाडाखालच्या लिंगावर पडतात. पोटात अन्न नसते, म्हणून उपवासही घडतो. शिवपुराणातल्या कथेत प्रहराप्रहराला हरिणे येतात आणि त्या गडबडीत पाणी व बेल लिंगावर पडतो. चार याम, बेल, पाणी आणि जाग या व्रताच्या चारही गोष्टी कथेत अशा सांगितल्या आहेत की व्याधाला त्यांतली एकही ठाऊक नाही. अकरावा अध्याय रुद्राध्याय म्हणून स्वतंत्रपणे वाचण्याची पद्धत आहे, आणि वेळ कमी असेल तर तेवढाच वाचतात.

चार अभिषेक. प्रत्येक यामाचे द्रव्य आणि शिवाचे नाव वेगळे. रूढ क्रम असा : पहिल्या यामात दूध आणि ईशान, दुसऱ्यात दही आणि अघोर, तिसऱ्यात तूप आणि वामदेव, चौथ्यात मध आणि सद्योजात. प्रत्येक द्रव्यानंतर शुद्धोदक, म्हणजे नुसत्या पाण्याचे स्नान, घालावेच लागते. त्यानंतर गंध, भस्म, अक्षता, बेल, पांढरी फुले, धोतरा, आंब्याचा मोहोर, गव्हाच्या ओंब्या, बोरे, धूप, दीप, नैवेद्य. बेलाचे पान त्रिदळ आणि अखंड घेतात आणि पालथे वाहतात, म्हणजे गुळगुळीत बाजू लिंगाला लागते. बेल कमी पडला तर वाहिलेला धुऊन पुन्हा वाहता येतो. एरवी निर्माल्याला हे चालत नाही.

पाण्याची धार धरण्यासाठी लिंगावर तिपाईला किंवा साखळीला गळती टांगतात. हे तांब्याचे भांडे असते, त्याच्या बुडाला बारीक भोक असते. भोकात दर्भाची काडी किंवा सुताची वात घातली की धार तुटत नाही आणि थेंब लिंगाच्या माथ्यावरच पडतो. काडी निसटली की पाणी भांड्याच्या बुडावरून पसरते आणि शाळुंकेच्या कडेला गळू लागते. गळती पाण्यासाठी आहे. दूध आणि दही तांब्याच्या भांड्यात घेत नाहीत, त्यांना पितळेचा, चांदीचा किंवा स्टीलचा गडवा वापरतात. साईची गुठळी भोकात बसली तर गळती बंद पडते, आणि मध्यरात्री ती उतरवून साफ करणे फार कटकटीचे असते.

तिसरा याम सर्वांत अवघड, आणि तो झोपेमुळेच नव्हे. फेब्रुवारीच्या अखेरीस नागपुरात दिवसा ऊन लागते, पण पहाटे गारवा असतो. वाटीत पातळ केलेले तूप दगडी लिंगावर पडताच थिजते. त्यावर गार पाणी ओतले की तुपाचा थर आणखी घट्ट होतो आणि पुढचे गंध, भस्म त्यावर टिकत नाही. म्हणून या यामाचे शुद्धोदक कोमट ठेवतात आणि थोडे बेसन किंवा तांदळाचे पीठ हलक्या हाताने चोळून लिंग धुतात. पाण्यावर तेलकट तवंग दिसेनासा झाला की स्नान पुरे झाले समजावे. चौथ्या यामात मध दोन-तीन चमचे पुरतो. जास्त झाला की सकाळी मुंग्या येतात.

शाळुंकेतून वाहणारे पाणी बहुधा उत्तरेकडे तोंड केलेल्या पन्हळीतून बाहेर पडते. ती ओलांडत नाहीत. प्रदक्षिणा पन्हळीपर्यंत जाऊन उलट परततात.

मंत्र. विधिवत पूजेत अभिषेकाबरोबर रुद्र म्हणतात. कृष्ण यजुर्वेदाच्या पाठात रुद्राचे नमक आणि चमक असे दोन भाग आहेत आणि प्रत्येकाचे अकरा अनुवाक, म्हणजे खंड, आहेत. नमक अकरा वेळा म्हणायचे आणि प्रत्येक वेळेनंतर चमकाचा एक अनुवाक जोडायचा, ही झाली एकादशनी. अशा अकरा एकादशन्यांचा एक लघुरुद्र. एकट्याने एकादशनी म्हटली तर दोन-अडीच तास सहज जातात, आणि यामच तीन तासांचा. म्हणून एका यामात एक एकादशनी हे एका माणसाचे गणित जेमतेम बसते. अकरा जण बसले की तेच अर्ध्या तासात होते. विदर्भात माध्यंदिन शाखेची घरे पुष्कळ आहेत. त्यांचा रुद्रपाठ शुक्ल यजुर्वेदातला असतो आणि स्वर व क्रम वेगळा असतो. दोन शाखांचे लोक एकत्र बसले तर आधी कोणता पाठ ते ठरवावे लागते, नाहीतर पहिल्याच अनुवाकात घोळ होतो. ज्यांना रुद्र येत नाही ते ‘ॐ नमः शिवाय’ म्हणत धार धरतात.

मंदिर आणि घर. नागपुरात तेलंगखेडीचे शिवमंदिर आणि महालातील पाताळेश्वर ही या दिवशीची गर्दीची ठिकाणे. जिल्ह्यात कुही तालुक्यातील आंभोरा येथे वैनगंगेकाठी चैतन्येश्वराची यात्रा भरते. पुष्कळ वैदर्भीय कुटुंबे तर शिवरात्रीला गावात नसतातच. ती ‘हर बोला हर हर महादेव’ म्हणत पचमढीच्या मोठ्या महादेवाला आणि त्रिशूळ खांद्यावर घेऊन चौरागडावर जातात. त्यांचा जागर वाटेवर आणि डोंगरावर होतो, चार यामांचा हिशेब तिथे कोणी ठेवत नाही.

गर्दीच्या मंदिरात भाविकाला गाभाऱ्यात क्षणभर उभे राहून तांब्याभर पाणी घालता येते. यामपूजा तिथे पुजारी करतात. स्वतः चारही पूजा करायच्या तर घर बरे. घरी नर्मदेचा बाण किंवा लहान दगडी लिंग ताम्हणात ठेवतात. मातीचे पार्थिव लिंग केले असेल तर त्यावर धार धरत नाहीत, ते विरघळते. फुलाने पाणी शिंपडून स्नान घातल्याचे मानतात. चार पूजा झेपत नसतील तर एकट्या निशीथाची पूजा करतात.

पारणे. चतुर्दशी रात्रीचे तीन याम संपण्याआधीच सरत असेल तर ती सरल्यावर पारणे करावे, त्यापुढे जात असेल तर सकाळीच करावे, असा नियम आहे. २०२४ मध्ये चतुर्दशी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत होती. तेव्हा काही घरांत ‘तिथी सुटू द्या’ म्हणून उपवास संध्याकाळपर्यंत लांबवला गेला. त्याची गरज नव्हती. ९ मार्चला ६.२८ नंतर स्नान आणि पूजा करून वरणभात, भाजी, पोळीचा नैवेद्य दाखवून जेवायला हरकत नव्हती.