आलं मळमळ थांबवतं ते नेमकं कुठं बसून?

कोल्हापुरातनं गगनबावड्याकडं निघालेल्या एसटीत कुणीतरी आलेपाकाची वडी काढतंच, पण खरं सांगायचं तर घाटातली मळमळ सुरू होते कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागातनं, तिथं मुख्य खेळ हिस्टामिन आणि अ‍ॅसिटिलकोलीनचा, त्यामुळं तिथं आल्याचा उपयोग कुणाला होतो, कुणाला नाही. आल्याची खरी जागा आतड्यात आहे.

सेरोटोनिन म्हटलं की लोकांना मूड आणि डिप्रेशनच आठवतं, पण शरीरातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन आतड्यात असतं. आतड्याच्या अस्तरात काही खास पेशी ते भरून ठेवतात. सिस्प्लॅटिनसारखं केमोचं औषध शरीरात गेलं की या पेशी ते भसाभस बाहेर सोडतात, ते शेजारच्या व्हेगस नर्व्हवरच्या 5-एचटी3 रिसेप्टरला चिकटतं, नर्व्ह थेट मेंदूच्या बुडाला निरोप देते आणि पोटात ढवळायला लागतं.

आता हा रिसेप्टर म्हणजे पाच प्रोटीनचं कडं, मधे भोक. बाहेरनं सेरोटोनिन बसलं की भोक उघडतं, सोडियम आत घुसतं, सिग्नल निघतो. डॉक्टर देतात ती ऑन्डान्सेट्रॉनची गोळी सेरोटोनिनची खुर्चीच अडवते. आल्यातलं जिंजेरॉल मात्र त्या खुर्चीला हात लावत नाही, ते रिसेप्टरवर दुसरीकडंच कुठंतरी बसतं आणि भोक नीट उघडू देत नाही. हे कळलं कसं, तर लॅबमधे सेरोटोनिनचा डोस वाढवत नेला. खुर्चीचं भांडण असतं तर जास्त सेरोटोनिननं जिंजेरॉलला हुसकून लावलं असतं आणि भोकातनं वाहणारा करंट पुन्हा पूर्ण आला असता, पण कितीही ओतलं तरी तो दबलेलाच राहिला.

जागा वेगळ्या, म्हणजे गोळी आणि आलं एकत्र चालायला हरकत नाही असं वाटतं, आणि 2012 साली छापून आलेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात तसंच दिसलं. केमोच्या 576 पेशंटपैकी काहींना नेहमीच्या गोळीबरोबर आल्याच्या कॅप्सूल दिल्या, काहींना नुसत्या दिखाव्याच्या, केमोच्या तीन दिवस आधीपासनं, आणि आलं घेणाऱ्यांची पहिल्या दिवशीची मळमळ कमी झाली. गंमत बघा, दिवसाला अर्धा ते एक ग्रॅमचा फायदा जास्त दिसला, दीड ग्रॅमचा तेवढा नाही. सगळ्याच अभ्यासांत मात्र असा फायदा दिसलेला नाही.

सुंठेचं वेगळंच. आलं वाळताना जिंजेरॉलमधनं पाण्याचा एक रेणू निघून जातो आणि शोगाओल तयार होतं, ते जास्त तिखट, आणि लॅबमधे या रिसेप्टरवर जास्त जोरदारही. म्हणून ओल्या आल्याचा तुकडा आणि सुंठेची चिमूट यांचा हिशोब सारखा धरू नका, आणि घरात कुणी रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत असेल तर कॅप्सूल सुरू करायच्या आधी डॉक्टरांना विचारा, चहातल्या आल्यासाठी एवढा घोर नको.